हिरवा बटाटा, कोंब फुटलेला बटाटा: कुकरच्या भरवशावर राहू नका

*ताई, वाशी मार्केटमधून शेजारणीबरोबर वाटून १० किलो बटाटे आणले होते. मग आम्ही १५ दिवस साताऱ्याला गावी गेलो. परत आलो तर बाल्कनीतल्या ट्रॉलीत अर्ध्या बटाट्यांना कोंब फुटलेत आणि वरचे काही हिरवे पडलेत. सासूबाई म्हणतात कोंब काढ, कुकरला तीन शिट्ट्या दे, काही होत नाही, आम्ही जन्मभर खाल्ले. नवरा म्हणतो सगळे फेक, सोलानिन असतं, विष आहे. उद्या एकादशी, मुलगी ६ वर्षांची, तीही हट्टाने उपास करते आणि तिला फक्त बटाट्याचीच भाजी लागते. कोणाचं खरं? आणि हे सोलानिन शरीरात जाऊन नक्की करतं काय? — ऐरोलीहून एक वाचक*

आधी उद्याचं सांगते कारण उद्याच एकादशी आहे. मुलीसाठी त्या ट्रॉलीतला बटाटा वापरू नका, खालच्या दुकानातून अर्धा किलो चांगले टणक बटाटे आणा आणि तिची भाजी त्याचीच करा. तुमच्या दोघांचं आणि सासूबाईंचं त्या ट्रॉलीतल्या निवडक बटाट्यांवर भागेल, पण ते निवडायचे कसे ते खाली लिहितेय, ते वाचल्याशिवाय सुरी हातात घेऊ नका.

सासूबाईंचं कोंब काढायचं बरोबर आहे, शिट्ट्यांचं चूक आहे. ही समजूत घराघरात आहे, माझ्या आईचीही होती, की शिजलं म्हणजे सगळं मेलं. जंतूंच्या बाबतीत ते बऱ्यापैकी खरं आहे पण सोलानिन हा जंतू नाही, ते बटाट्याच्या झाडाने स्वतःच्या बचावासाठी तयार केलेलं रसायन आहे, कीड लागू नये बुरशी लागू नये म्हणून. ते मोडायला साधारण २३० ते २८० अंश सेल्सिअस लागतं. आपला कुकर जातो १२० पर्यंत. तळणीचं तेल १७०-१८० असतं, आणि तेवढ्या तेलातसुद्धा वड्याच्या आतला बटाटा शंभरच्या वर जात नाही कारण त्यात पाणी असतं. म्हणजे तीन शिट्ट्या द्या नाहीतर सहा द्या, जेवढं सोलानिन कुकरमध्ये गेलं जवळजवळ तेवढंच ताटात येणार. मायक्रोवेव्हचंही तेच. उकडलेलं पाणी फेकून दिलं तरी फार फरक पडत नाही, ते पाण्यात नीट विरघळतच नाही, आणि मिठाच्या पाण्यात भिजवून ठेवायचा जो उपाय लोक एकमेकांना पाठवतात त्यावरही विसंबू नका. इथे काम करते ती सुरी, गॅस नाही.

आता ते हिरवं काय असतं. हिरवा रंग म्हणजे हरितद्रव्य, पालकात असतं तेच, आणि ते खाऊन कोणाला काही होत नाही. पण बटाट्यावर उजेड पडला की सालीखाली दोन गोष्टी एकाच वेळी सुरू होतात, हरितद्रव्य बनतं आणि सोलानिनही वाढतं. दोन्ही वेगवेगळी कामं आहेत फक्त उजेडाने दोन्ही जागी होतात. म्हणून हिरवा डाग हा विष नाही, विषाची खूण आहे. आणि ही खूण कधीकधी चुकते हे लक्षात ठेवा. अंधाऱ्या डब्यात फुटलेला कोंब पांढरट जांभळट असतो, त्यात हिरवं काहीच नसतं, पण सोलानिन सगळ्यात जास्त त्याच्यातच असतं, किलोमागे २ ते ४ ग्रॅमपर्यंत. आपटलेल्या, फावडं लागलेल्या, अर्धा कापून तसाच ठेवलेल्या बटाट्यातही ते वाढतं, रंग न बदलता. त्यामुळे "हिरवा नाहीये ना मग चालेल" एवढ्यावर निर्णय घ्यायचा नाही.

अजून एक गोष्ट आपल्या मराठी स्वयंपाकघरात गोंधळ घालते. आपल्याकडे मोड आलेलं म्हणजे पौष्टिक. मटकीला मोड, मुगाला मोड, मुलांना मुद्दाम द्यायचं. मला एका पालक-सभेत एका आईने अगदी मनापासून विचारलं होतं की मग बटाट्याचा मोड का फेकायचा, त्यातही जीवनसत्त्व असतील ना. मटकीचं बी मोड येताना स्वतःत साठवलेलं अन्न मोकळं करतं, म्हणून ते पचायला हलकं होतं. बटाटा हे बी नाही, तो जमिनीखालचा खोडाचा फुगलेला भाग आहे, आणि त्याचा डोळा फुटतो तेव्हा तिथे नवीन कोवळं झाड उभं राहतंय, ज्याला गुरं, किडे, सगळेच खायला टपलेत, म्हणून झाड तिथे सगळ्यात जास्त विष ठेवतं. वांगं, टोमॅटो, मिरची याच कुळातली आहेत, पण कोंब फुटल्यावर पंचाईत करतो तो बटाटाच, कारण आपण तो महिना-महिना घरात साठवतो.

शरीरात काय होतं ते विचारलंत. खरं म्हणजे ते एकटं सोलानिन नसतं, जोडीला चाकोनिन नावाचा त्याचा भाऊ असतो, आणि दोघं एकत्र असले की त्रास जास्त, त्यातही चाकोनिन जरा जास्त जहाल. दोघं मिळून दोन प्रकारे काम बिघडवतात. पहिला प्रकार पोटातच. आपल्या आतड्याच्या पेशींना जे पातळ आवरण असतं त्यात कोलेस्टेरॉल असतं, ही रसायनं त्या कोलेस्टेरॉलला जाऊन चिकटतात आणि आवरणाला भोकं पाडतात. अस्तर सोलवटल्यासारखं होतं, म्हणून घसा-तोंड चुरचुरतं, मळमळतं, उलट्या होतात, पोटात कळा येतात, जुलाब लागतात. दुसरा प्रकार मज्जातंतूंचा. मज्जातंतू स्नायूला निरोप देतो तो असेटिलकोलिन नावाच्या रसायनातून, निरोप पोचला की एक एन्झाइम येऊन ते रसायन लगेच साफ करतं, म्हणजे पुढच्या निरोपाला जागा मोकळी. सोलानिन त्या सफाई करणाऱ्या एन्झाइमलाच अडवतं. निरोप पुसलाच जात नाही, स्नायू पुन्हापुन्हा तेच करत राहतात, आतडी पिळवटतात, डोकं दुखतं, चक्कर येते, आणि मात्रा खूपच जास्त असेल तर माणूस गोंधळल्यासारखा बोलतो, गुंगीत जातो, नाडी जलद पण कमजोर होते, बीपी उतरतं.

तरी बटाट्याने माणसं दगावल्याच्या गोष्टी फार कमी आहेत त्याला कारण आहे. आतड्यातून हे रक्तात फारसं शोषलं जात नाही, आणि जास्त झालं की उलटी होऊन बरंचसं बाहेरच पडतं. पण जे रक्तात जातं ते पटकन जात नाही, निम्मं व्हायलाच अर्ध्या दिवसापासून दोन दिवसांपर्यंत लागतात. म्हणून "काल खाल्लं काही झालं नाही, आज पण तेच करूया, परवा संपवूया" हे जे आपण साठा संपवायला करतो ना, त्यात कालचं थोडं शिल्लक असताना आजचं वर पडतं. श्रावणात किंवा नवरात्रात सलग उपास असतात तेव्हा तर नक्की लक्ष ठेवा.

आता तुमच्या मुलीचं का वेगळं, ते आकड्यात बघू, फार नाहीयेत आकडे. चांगल्या बटाट्यात ही दोन्ही रसायनं मिळून किलोमागे साधारण २० ते १०० मिलिग्रॅम असतात, आणि जगभर २०० च्या वर गेलेला बटाटा खाण्यालायक धरत नाहीत. त्रास सुरू होण्याची रेषा २०२० मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने शरीराच्या दर किलो वजनामागे एका दिवसात १ मिलिग्रॅम अशी धरली. समजा ट्रॉलीच्या वरच्या थरातल्या हिरव्या बटाट्यात किलोमागे २५० आहेत, आणि तुम्ही त्याची भाजी केलीत. मुलीने दीडशे ग्रॅम खाल्ली, म्हणजे एक मध्यम बटाटा, तिच्या पोटात गेले सुमारे ३७ मिलिग्रॅम. ती २० किलोची असेल तर किलोमागे जवळजवळ २, म्हणजे रेषेच्या दुप्पट. तुमच्या ७० किलोच्या नवऱ्याने तेवढीच भाजी खाल्ली तर तो रेषेच्या अर्ध्यावरच राहतो, त्याला ढेकरसुद्धा येणार नाही. सासूबाई जे म्हणतात की आम्ही जन्मभर खाल्ले ते खोटं नाहीये, मोठ्या माणसाने खाल्ले म्हणून निभावलं. आणि लहानपणी कधी पोट बिघडलं असेलच तर त्याचा दोष बटाट्याला कोणी दिला असता, तो पाण्याला नाहीतर दृष्टीला गेला असता. हाच बटाटा ताजा, टणक आणि सोललेला असता तर त्याच दीडशे ग्रॅममधून मुलीला पाचेक मिलिग्रॅम मिळाले असते, म्हणजे काळजीच नाही.

हे नुसतं गणित नाहीये. १९६९ मध्ये दक्षिण लंडनमधल्या एका मुलांच्या शाळेत सुट्टीनंतर शाळा उघडली आणि दुसऱ्याच दिवशी दुपारच्या जेवणानंतर ७८ मुलं आजारी पडली, १७ जणांना हॉस्पिटलात ठेवावं लागलं. शोध घेतला तेव्हा कळलं की सुट्टीआधीची बटाट्याची एक गोणी तशीच पडून होती आणि स्वयंपाकात तीच वापरली गेली. म्हणजे तुमच्यासारखंच, सुट्टीत पडून राहिलेले बटाटे. सगळी मुलं बरी झाली. पण यातलं सगळ्यात उपयोगाचं म्हणजे वेळ. त्रास जेवल्या जेवल्या नाही झाला, सात तासांपासून एकोणीस तासांपर्यंत लागला. दुपारी खाल्लेल्या भाजीने रात्री दोनला मूल उलटी करायला लागलं तर आपण संध्याकाळची पाणीपुरी आठवतो, दुपारचा बटाटा कोणाच्या डोक्यातच येत नाही.

चला आता ट्रॉलीपाशी. सगळे बटाटे पेपरवर ओता आणि दिवसाच्या उजेडात बघा, ट्यूबलाइटखाली फिकट हिरवं नीट दिसत नाही. प्रत्येक बटाटा हातात घेऊन अंगठ्याने दाबा. जो मऊ पडलाय, सुरकुतलाय, ज्याचे कोंब बोटाच्या पेराएवढे झालेत तो सरळ बाजूला, त्याची खाण्यातली गोष्ट संपली. जो टणक आहे आणि फक्त डोळ्यांतून टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे टोक बाहेर आलेत तो चालतो, पण कोंब नुसता नखाने खुडायचा नाही, पीलरच्या टोकाने किंवा छोट्या सुरीने डोळ्यासकट खड्डा पाडून काढायचा, मटारच्या दाण्याएवढा तरी खड्डा, कारण कोंबाच्या मुळाशी विष जास्त साठलेलं असतं. आणि साल काढायचीच, जाड काढायची. नेहमीचं चांगल्या बटाट्याचं सोलानिन सालीत आणि सालीखालच्या दीड मिलिमीटरमध्ये असतं, म्हणून नीट सोलला की बहुतेक गेलं.

हिरव्याचं जरा बारकाईने बघा. एक बटाटा मधोमध कापून बघा, हिरवं फक्त सालीला चिकटून एखाद्या रुपयाएवढ्या ठिकाणी आहे आणि आतला गर स्वच्छ पिवळसर आहे, तर तेवढा भाग जाड काढून टाकून मोठ्या माणसांसाठी वापरता येईल. पण हिरवी कड आत उतरलीये, किंवा अर्ध्याअधिक सालीवर पसरलीये, तर तो बटाटा सोलून सुधरत नाही. एकदा मात्रा वाढली की ती गरातही जाते, तिथे पीलर काय करणार. मुलांच्या बाबतीत मी हा "थोडं काढून वापरा"चा हिशोब करतच नाही, त्यांना हिरवा नकोच.

शेवटची परीक्षा जिभेची. किलोमागे साधारण १४० मिलिग्रॅमच्या पुढे गेलं की बटाटा कडवट लागतो आणि २०० च्या वर घशाला चुरचुरतो, म्हणजे जीभ बऱ्यापैकी वेळेवर सांगते. पण आपण तिला बोलू देत नाही. आम्ही कोपरीला राहायचो तेव्हा एका एकादशीला मी बटाट्याचा कीस केला होता, खिडकीत ठेवलेले बटाटे होते, वर थोडी हिरवट झाक होती, मी सोलले आणि पुढे गेले. हिरवी मिरची, जिरं, शेंगदाण्याचं कूट, लिंबू, वर साखर. मला एक घास घशाला लागल्यासारखा वाटला, मी म्हटलं मिरची तिखट आहे. धाकट्याने दोन घास खाऊन ताटली सरकवली, म्हणाला कडू आहे, आणि मी, आई असून, त्याला रागावले की उपासाचं टाकू नये, आणि आग्रहाने भरवलं. रात्री अकराला त्याला उलट्या सुरू झाल्या, पहाटेपर्यंत पाच-सहा वेळा. सकाळी मी उरलेला एक कच्चा बटाटा कापून जिभेला लावला तर कडू जहर, तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तो दोन दिवसांत बरा झाला पण ती ताटली सरकवतानाचा त्याचा हात मला अजून दिसतो. म्हणून सांगते, मूल बटाट्याला कडू म्हणालं तर तिथेच थांबा, तिखट-आंबट घालून ते झाकू नका. भाजीला फोडणी घालायच्या आधी उकडलेल्या बटाट्याचा एक तुकडा नुसता, मीठही न घालता, चावून बघायची सवय लावा, मला लागलीये.

याच कारणासाठी हल्ली ते सालींचे कुरकुरीत चिप्स करायचं फॅड आलंय, "काही वाया घालवू नका" म्हणून, ते मला पटत नाही. ज्या भागात सगळ्यात जास्त सोलानिन तोच भाग, तळताना त्यातलं पाणी उडतं आणि सोलानिन तसंच राहतं, म्हणजे घासागणिक ते आणखी दाट होतं. ताज्या, स्वच्छ, बिनडागी बटाट्याची साल मोठ्यांनी कधीतरी खाल्ली तर चालेल, पण जुन्या बटाट्याची साल ओल्या कचऱ्याच्या डब्यातच.

आणि उद्या कदाचित चुकून खाल्लंच गेलं तर. एक-दोन उलट्या, पोटदुखी, मूल शुद्धीत आहे, घोटघोट पाणी पितंय, तर ओआरएस थोडं थोडं देत राहा आणि लक्ष ठेवा. स्वतःच्या मनाने जुलाब थांबवायची गोळी लहान मुलाला देऊ नका. उलटी थांबतच नाहीये, पाणी पोटात ठरत नाहीये, सहा-आठ तास लघवी झाली नाहीये, किंवा मूल गुंगीत आहे, असंबद्ध बोलतंय, तर रात्र असली तरी डॉक्टरकडे न्या आणि आदल्या दिवशी काय बटाटे खाल्ले होते ते आपणहून सांगा, ते विचारतील म्हणून थांबू नका. याला वेगळा उतारा नाही, शरीरातलं पाणी आणि क्षार भरून काढत राहणं हाच उपचार आहे, म्हणून वेळेत पोचणं महत्त्वाचं.

पुढच्या वेळचं थोडक्यात. पावसाळ्यात आपल्याकडे येणारा बटाटा बराचसा कोल्ड स्टोरेजचा असतो, उत्तरेकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये काढलेला. त्याची झोप तिथल्या थंडीने लांबवलेली असते, बाहेर आला आणि आपली ही दमट गरम हवा लागली की पंधरा दिवसांत तो फुटणारच, त्यात तुमची काही चूक नाही. म्हणून या दिवसांत १० किलो घेऊच नका, स्वस्त पडले तरी, दोन-दोन किलो आणा. बाल्कनीतली ट्रॉली दिसायला छान असते पण ती उजेडात असते, आणि आपल्या फ्लॅटमध्ये किचनची ट्यूब रात्री अकरापर्यंत चालू असते, बटाट्याला तोही उजेडच. ओट्याखालच्या बंद कपाटात, कागदी पिशवीत किंवा तागाच्या गोणपाटात ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून नको, घाम सुटून सडतात. दुकानात काचेसमोर दिव्याखाली रचलेल्या ढिगातला वरचा बटाटा न घेता खालचा घ्या.

आता ते बाजूला काढलेले. नवऱ्याला सांगा फेकायची घाई नको. जे कोंब फुटलेत पण सडले नाहीत त्यातले दोन-तीन थंडी सुरू होईस्तोवर टिकले तर मोठ्या कुंडीत लावा, पाण्याचा निचरा होणारी माती, कोंब वर, त्यावर चार बोटं माती. झाड वीतभर झालं की बुंध्याला अजून माती चढवा, नाहीतर वर उघडे पडलेले नवीन बटाटे पुन्हा हिरवे होतात. मुलीला फार आवडेल ते. फक्त एवढं करा, झाडाला फुलं येऊन गेल्यावर कधीकधी छोट्या कच्च्या टोमॅटोसारखी हिरवी फळं धरतात, ती दिसताक्षणी तोडून टाका, तिच्या हाताला लागायच्या आधी, कारण त्यातही हेच विष असतं, आणि तो पालाही भाजीचा नाही हे सासूबाईंना आधीच सांगून ठेवा.